आणि संच

पुसदच्या बसस्टँडमागे माझी एक खोली आहे. भिंतींना फोम, खिडकीला जाड पडदा, आत एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर आणि एक माइक. मी गाण्यांचे ट्रॅक करून देतो. शाळांची स्नेहसंमेलनं, लग्नाआधीचा संगीताचा कार्यक्रम, ऑर्केस्ट्रात नव्याने गाणारी पोरं, सगळ्यांना एकच हवं असतं: गाण्यातून गाणारा काढून द्या, वाजवणारे राहू द्या, म्हणजे आम्ही त्यावर सराव करू.

हे काम शांत माणसाचं आहे आणि मी शांत माणूस नाही. मशीन गाणं चघळत बसतं, कॉम्प्युटरच्या पडद्यावर पट्टी हळूहळू सरकते आणि मी उठतो. चहाच्या टपरीपर्यंत जातो, चहा न घेताच परत येतो, पट्टी तिथेच असते. माझी बायको म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी आणि धंदा मात्र खुर्चीतला. खरं आहे. पण त्या पावसाळ्यात माझी जी तगमग झाली तिला मशीनचा दोष नव्हता.

माझी ताई आमच्या भागातली नावाजलेली गायिका होती. वडिलांची गायन पार्टी होती, विहारात, जयंतीला, बारशाला, तेरवीलाही गायला जायची. वडील पेटीवर, चुलते ढोलकवर, ताई समोर आणि तिच्या मागे चार-पाच बायका-माणसांचा कोरस. वडिलांनी एक गाणं रचलं होतं, पाटी घेऊन पहिल्यांदा शाळेत निघालेल्या पोरीचं. त्याच्या अंतऱ्यात ‘उजेड’ हा शब्द यायचा आणि त्यातला ‘जे’ ताई इतका वर नेऊन इतका वेळ धरायची, की बसलेली माणसं उठून उभी राहायची. त्या गाण्याची एक कॅसेट निघाली. वर ताईचा फोटो, खाली तिचं नाव, आणि नावापुढे दोन शब्द: आणि संच. ती कॅसेट आमच्या पाहुण्यारावळ्यांत अशी फिरली की ताई कुठेही गेली तरी लोक म्हणायचे, बाई, तेवढा ‘उजेड’ म्हणून दाखवा.

पुढे वडील गेले, चुलते गेले, पार्टी मोडली. ताई एकटी पेटी घेऊन गात राहिली. मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, सगळ्यांनी सुस्कारा सोडला. बोलणं परत आलं, गाण्याचा खालचा भागही आला. वरचा आला नाही. तिने पेटीवर चादर टाकली ती टाकलीच.

अशात आमच्या जुन्या गावच्या विहाराच्या कमिटीचा निरोप आला. वर्धापनाचा कार्यक्रम आहे, ताईंनी ते गाणं म्हणावं, रविवारी उत्तर घ्यायला येतो. ताई दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या खोलीत हजर. हातात ती कॅसेट.

“मले याच्यातून काढ,” ती म्हणाली.

“कायले?”

“कायले म्हणजे? वाजवणारे कुठं राह्यले आता? बाबाची पेटी राहू दे, काकाचा ढोलक राहू दे, मले तेवढी काढ. त्याच्यावर म्हणून पाह्यतो. ‘उजेड’ लागला तं होय म्हणीन. नाई लागला तं नाई म्हणीन आन् ती पेटी विकून टाकीन. पुन्हा मले कोणी गाण्याचं इचारू नका.”

ती असं बोलली की करते. गळ्याचं काम माझ्या हातात नव्हतं, पण ट्रॅक माझ्या हातात होता, आणि तो बिघडला तर पेटी जाणार असं मी उगाचच धरून बसलो.

कॅसेट वाजवायची म्हणजे आधी प्लेअर हवा. माझा प्लेअर निघाला, त्याचा रबरी पट्टा सैल, तो बदलला. गाणं कॉम्प्युटरमध्ये घेतलं आणि पेटीशी जुळवून पाहिलं तर ते कुठल्याच पट्टीत बसेना. पेटीच्या काळी चार आणि पांढरी सहा या शेजारच्या सुरांच्या मधेच कुठेतरी लोंबकळत होतं. माझा प्लेअर जरा जोरात पळत होता, म्हणून गाणंही चढलं होतं. मी वेग कमी करत करत ते काळी चारवर आणलं. ताई म्हणाली, “हां, आता बाबा बसले जागेवर.”

मग मी घाई केली. ताई समोर बसली होती, तिच्यापुढे झटपट काहीतरी दाखवायचं होतं. जुन्या गाण्यांवर एक सोपी युक्ती चालते. गाणाऱ्याचा आवाज डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना सारखाच असतो, वाद्यं थोडी इकडे थोडी तिकडे. एक बाजू उलटी करून दुसरीत मिसळली की जे दोन्हीकडे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं, म्हणजे गाणारा जातो. मी ते केलं आणि बटण दाबलं. स्पीकरमधून नुसती सरसर आली, गव्हाच्या चाळणीसारखी.

“गेलं काय सगळं?” ताई म्हणाली.

गेलंच होतं. यवतमाळच्या एका हॉलमधलं ते रेकॉर्डिंग, सगळं एकत्रच गोळा केलेलं. दोन्ही बाजूंना तेच ते. सारखं म्हणून ताईबरोबर बाबाही गेले, काकाही गेले, उरली ती टेपची सरसर. ही गोष्ट मला ठाऊक असायला हवी होती. ट्रॅक करून पोट भरणारा माणूस आणि हे विसरतो. मी स्वतःवरच इतका चिडलो की ताईलाच म्हणालो, तू समोर बसू नको, घरी जा.

“म्या काय केलं?” असं म्हणून ती तिथेच बसून राहिली.

आता नव्या जातीचं सॉफ्टवेअर आलं आहे. ते डावं-उजवं पाहत नाही, असंख्य गाणी ऐकून माणसाचा आवाज कसा असतो आणि वाद्याचा कसा ते शिकलेलं आहे. त्याला गाणं दिलं की ते आवाज एकीकडे, ताल एकीकडे, उरलेली वाद्यं एकीकडे असं वेगळं करून देतं. मी ते लावलं. पट्टी सरकू लागली. मी टपरीपर्यंत दोनदा जाऊन आलो.

निघालं ते बरं निघालं, पण नितळ नव्हतं. बाबांची पेटी ताईच्या गळ्याला चिकटून चालायची, तिने जो सूर घेतला तोच पेटीवर. मशीनला दोघांतला भेद सगळीकडे कळेना. काही ठिकाणी ताईचा आवाज पेटीच्या मागे पाण्यात बुडाल्यासारखा उरला होता, आणि काही ठिकाणी ताईला उचलून नेताना मशीनने पेटीही उचलून नेली होती. नेमकी ‘उजेड’च्या जागी पेटी गायब. तिथे नुसता ढोलक वाजत होता.

“तिथं भोक आहे,” मी म्हणालो.

“असू दे. तिथं म्या असतो,” ताई म्हणाली.

तिच्या आताच्या गळ्यासाठी गाणं तीन घरं खाली, पांढरी चारवर उतरवायचं होतं. सगळं एकत्र उतरवलं तर ढोलक मडक्यासारखा भद्द वाजू लागला. म्हणून ताल बाजूला ठेवला, बाकीचं तेवढं खाली आणलं आणि मग ताल परत मिसळला. ताई उभी राहिली, माइकपुढे नाही, खिडकीजवळ. मी ट्रॅक लावला.

मुखडा तिने छान धरला. दुसऱ्यांदा मुखडा आला तेव्हा ती गांगरली. पहिल्या अंतऱ्यापर्यंत येता येता तिला धाप लागली आणि ती थांबली. ट्रॅक थांबला नाही. बाबा असते तर थांबले असते; तिने श्वास घेईपर्यंत पेटीवर तोच सूर घोळवत राहिले असते. ट्रॅक पुढे निघून गेला आणि ताई खिडकीजवळ उभी राहिली.

“दम कुठं घेऊ मी?” ती मला म्हणाली, जणू मीच तिचा श्वास खिशात टाकला होता. “कोरस कुठं गेला?”

माझी ही दुसरी चूक. ऑर्केस्ट्रावाल्यांना कोरस गेला तरी चालतं, पण आमच्या गाण्यात मुखडा कोरस परत म्हणतो आणि तेवढ्यात पुढची बाई श्वास घेते. मशीनला मी म्हणालो, माणसाचा आवाज काढ. त्याने माणसाचा आवाज काढला, समोरच्या एकीचा आणि मागच्या पाच जणांचा सारखाच. त्याला काय ठाऊक कोण कशासाठी बसलंय.

यावर उपाय होता. मशीनने काढलेला आवाजांचा तुकडा माझ्याकडेच होता. तो नुसता ऐकायचा, ताई गाते ते कापायचं, कोरस म्हणतो ते ठेवायचं, आणि ठेवलेलं तीन घरं उतरवून पुन्हा ट्रॅकमध्ये मिसळायचं. वाद्य नसलेले नुसते आवाज कानाला कसेतरीच वाटतात. माणसं कपडे बदलत असताना दार उघडल्यासारखं. माझी ताई, तेव्हाची, तरुण, आणि तिचा प्रत्येक श्वास ऐकू येत होता. मला ऐकवेना. तरी हेडफोन लावून मी कापत गेलो: ही ताई, काप. हा कोरस, ठेव. ही ताई. हा कोरस.

कोण कुठलं हे ओळखणं सोपं होतं. ताईच्या तोंडापुढे माइक होता, तिचा आवाज जवळचा आणि भरलेला. कोरस मागे बसलेला, त्याच्या आवाजाभोवती हॉलचा घुमारा. असं करत ‘उजेड’पर्यंत आलो. ‘उ’, ताई, जवळून. मग एक छोटा अडकलेला श्वास, तोही जवळून. आणि मग ‘जे’, वर गेलेला, लांबलेला, तोच तो ज्यासाठी माणसं उठून उभी राहायची. तो घुमाऱ्यातून येत होता. मागून.

मी परत ऐकलं. परत परत ऐकलं. आवाज ताईसारखाच, पण ताई नव्हे. शेवटच्या ‘ड’ला ताई परत जवळ येत होती. मधल्या जागेत ती गप्प होती. तो आवाज कोरसात बसणाऱ्या आमच्या चुलतबहिणीचा, अक्काचा. एका घरातल्या दोघींचे गळे एका वळणाचे. वर पेटीही वाजत असल्यामुळे जोड कोणाला कधी दिसला नव्हता.

काप, की ठेव? माझा हात माउसवर तसाच राहिला.

“काय झालं?” ताईने विचारलं.

“काई नाई.”

“तुहं तोंड पाह्य. दे ते इकडं.”

मी हेडफोन काढून ठेवले आणि स्पीकरवर लावलं. मला दुसरं काही सुचलं नाही. तिने ऐकलं. आधी हसली. मग म्हणाली, मशीनने काहीतरी उलटंपालटं केलं. मी मूळ कॅसेट लावली, पुन्हा नुसता आवाज लावला. तिसऱ्यांदा लावायला लागलो तर ती ओरडली, “बंद कर ते!” आणि चपला न घालता बाहेर जाऊन ओट्यावर बसली.

मला फार वाईट वाटलं. एका शब्दासाठी सगळ्या मुलखाने जिला डोक्यावर घेतलं, जो शब्द हरवला म्हणून ती दोन वर्षं झुरली, तो तिचा नव्हताच असं मी तिला थेट स्पीकरवर ऐकवलं होतं. मी पाच मिनिटं आत, पाच मिनिटं बाहेर करत राहिलो. शेवटी तीच उठली. “उमरखेडची गाडी कितीला हाय?” म्हणाली.

अक्का उमरखेडला लेकाकडे राहते. अंगणवाडीत मदतनीस होती, आता घरीच असते. आम्ही पोचलो तेव्हा ती दारात तुरीची डाळ निवडत होती. गाडीत मी खिडकीची काच वरखाली करून पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या. पाणी आलं, खुशाली झाली, आणि ताईने एकदम विचारलं, “अक्का, कॅसेटमधला ‘उजेड’ कोणाचा हाय?”

अक्काने डाळीतला खडा काढून फेकला. “माहा,” ती म्हणाली, पिठाची गिरणी कोणाची असं कोणी विचारावं आणि सांगावं तसं.

“आन् तू बोलली नाई कधी?”

“काय बोलायचं त्याच्यात? तू तवा सातव्या महिन्यात होती. दम कुठं पुरत होता तुले? तो रेकॉर्डिंगवाला माणूस म्हणे, एकदाच घेईन, हॉल खाली करा लागते. तू ‘उ’ म्हटलं आन् अडकली. म्या उचललं. तू पुन्हा धरलं. झालं.”

“मले वाटे माहाच हाय.”

“तुहाच होता. आधी अन् मंग किती ठिकाणी तूच म्हटला, माह्या कानानं ऐकला ना. त्या एका दिवशी म्या म्हटला.”

“पण लोकायले सांगा लागत होतं ना, अक्का. सगळ्याइच्या घरी तोच वाजते.”

अक्का आता मात्र चिडली. सूप खाली ठेवून म्हणाली, “मंग मले मागं बसवलं होतं कायले? शोभेले?”

हे ऐकून ताई रडायला लागली. मीही रडलो, पण मी तसा कशानेही रडतो.

बऱ्याच वेळाने ताईने तिला कार्यक्रमाचं सांगितलं. अक्का म्हणाली, आपल्याला आता दम लागतो, जिना चढवत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुह्या मशीनमंदी हाय ना माहा आवाज? राहू दे तिथं. ताई तोंड हलवीन. कोणाले समजते?”

ते सहज झालं असतं. तो ‘जे’ कापून बाजूला ठेवलेलाच होता, तीन घरं खाली आणून भोकात बसवला की काम फत्ते. खरं सांगायचं तर मला ते पटलंही. रविवार तोंडावर होता आणि मला हा विषय कसाही करून संपवायचा होता.

ताई म्हणाली, “नाई. माणूस जित्ता असताना डब्यातलं कायले? काढून टाक रे तो. बाकीचा कोरस ठेव, तो एक काढ.”

मी काढला. कमिटीची माणसं आली तेव्हा ताईने होकार दिला, पण म्हणाली, “आम्ही दोघी येऊ.” अक्का लेकाच्या मोटरसायकलवर बसून माझ्या खोलीत सरावाला आली. पहिल्या वेळी तिचा आवाज असा फाटला की दोघी हसत सुटल्या आणि ट्रॅक आपला एकटाच शेवटपर्यंत गेला. मग जमू लागलं. वर जाताना तिचा सूर खरखरायचा. कॅसेटसारखं ते नव्हतंच. पण कोरस आला की मागून तरुण अक्का गायची आणि खोलीतली म्हातारी अक्का तिच्यात आपला आवाज मिसळायची, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

कार्यक्रम संध्याकाळी होता. मी साउंडवाल्याच्या डोक्यावर उभा राहून त्याला इतक्या सूचना केल्या की तो म्हणाला, दादा, तुम्हीच बसा. अक्काला पुढे बसायला सांगितलं तर ती ऐकेना. ताईच्या मागे, उजव्या हाताला, आपल्या जुन्या जागी बसली. निवेदकाने ताईचं नाव मोठ्या प्रेमाने घेतलं, कॅसेटची आठवण काढली आणि शेवटी म्हणाला, “आणि संच.”

ताईने त्याच्या हातातून माइक घेतला. अक्काचं नाव घेतलं, सासरच्या आडनावासकट, आणि म्हणाली, “तुमच्या घरच्या कॅसेटमंदी जो ‘उजेड’ हाय तो हिचा हाय. मलेही आताच समजलं.” लोकांना ते विनयाचं बोलणं वाटलं असणार, त्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्काने पदर तोंडाला लावला. मी ट्रॅक सुरू केला.

अंतऱ्यात ताईने ‘उ’ घेतला आणि थांबली. पेटी नव्हती. नुसता ढोलक. त्या भोकात अक्काचा आवाज आला, खरखरीत, थोडा उशिरा, आणि वर गेला. ढोलक थांबला नाही, त्या दोघी त्याच्या मागे पडल्या, पण कोरस आला तिथे त्यांनी त्याला परत गाठलं. उठून कोणी उभं राहिलं नाही. लोक हातातलं सोडून ऐकत मात्र होते.

पेटीवरची चादर निघाली. ताईचा तो ‘जे’ काही परत आला नाही. आता ती अक्काशिवाय ते गाणं म्हणत नाही.

गेल्या महिन्यात पुसदच्याच एका बाईंचा फोन आला. त्या दिवशी कार्यक्रमात होत्या, मुलीला शाळेत ते गाणं म्हणायचं आहे, ट्रॅक पाठवाल का. ताईला विचारून मी पाठवला. संध्याकाळी परत फोन.

“भाऊ, ट्रॅक खराब आहे वाटते. ‘उजेड’च्या जागी काहीच वाजत नाही.”

“खराब नाही हो,” मी म्हणालो. “तिथं मागं कोणाला तरी बसवा लागते.”

“आमच्याकडे तसं कोणी नाही हो. ती एकटीच म्हणणार आहे.”

“तुम्ही आहात ना,” मी म्हणालो.